इंग्रजीतून मराठीत आलेलं भाषांतर तपासायचं कसं: एका ओआरएसच्या पत्रकावरून

भाषांतर तपासायला दिलं की बहुतेक जण एक गोष्ट करतात, डावीकडे इंग्रजी उघडतात, उजवीकडे मराठी उघडतात, आणि पहिल्या ओळीपासून जोडीने वाचायला लागतात. माझ्या मते घोटाळ्याची सुरुवात इथेच होते, कारण इंग्रजी वाक्य एकदा डोक्यात गेलं की त्याच्या शेजारचं मराठी कितीही वाकडं असलं तरी समजतं. ते समजतं इंग्रजीमुळे, मराठीमुळे नाही. पण ज्या आईच्या हातात ते पत्रक पडणार आहे तिच्याकडे डावीकडचा कॉलम नसतो ना.

म्हणून हा लेख तपासणीच्या क्रमाबद्दल जास्त आणि शुद्धलेखनाबद्दल कमी आहे. सगळं एकाच उदाहरणावर दाखवते, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. समजा लहान मुलांच्या जुलाबांवर आईवडिलांसाठी एक छोटं पत्रक आहे, ओआरएस कसं द्यायचं, झिंक किती दिवस द्यायचं, दवाखान्यात कधी न्यायचं एवढंच. मूळ इंग्रजी, भाषांतर झालंय, तुमच्याकडे तपासायला आलंय. हे उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण इथे चुकीची किंमत लगेच दिसते. एक लिटरची पावडर पेलाभर पाण्यात पडली तर मिठाचं प्रमाण बाळाला त्रास होईल इतकं वाढतं, आणि उलट झालं तर ओआरएसचा उपयोगच होत नाही.

उघडायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या

पहिली, वाचणार कोण. "सामान्य जनता" हे उत्तर घेऊ नका, त्याला काही अर्थ नाही. आशाताई घरोघरी जाऊन वाचून दाखवणार आहेत, का मेडिकलवाला पाकिटासोबत देणार आहे, का दवाखान्याच्या भिंतीवर लागणार आहे? वाचून दाखवायचं असेल तर वाक्य एका दमात संपलं पाहिजे, आणि कंसात टाकलेली माहिती ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

दुसरी, भाषा लेखी ठेवायची का बोलीतली. म्हणजे "केलेले पाणी" का "केलेलं पाणी". दोन्ही चालतं, पण एकाच पानावर दोन्ही आलं की वाचणाऱ्याला खटकतं, नेमकं काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही एवढंच. हे आधी ठरलेलं नसेल तर तुम्ही निम्मं पत्रक एकीकडे ओढाल आणि भाषांतर करणारा निम्मं दुसरीकडे.

तिसरी, कुठले शब्द ठरलेले आहेत ज्यांना हात लावायचा नाही. आपल्या पत्रकात "ओआरएस" आणि "झिंक" तसेच राहणार, कारण पाकिटावर आणि गोळीच्या पट्टीवर तेच छापलेलं असतं आणि डॉक्टरही तेच म्हणतात. कोणी उत्साहाने "जस्ताची गोळी" केलं असेल तर मराठी म्हणून बरोबर आहे, पण मेडिकलमध्ये जाऊन मागितली तर मिळणार नाही. "जलसंजीवनी" मात्र जुना आणि लोकांच्या तोंडात असलेला शब्द आहे, तो एकदा सुरुवातीला ओआरएसच्या जोडीने यायला काहीच हरकत नाही.

आणि हो, तुमच्याकडून नक्की काय हवंय तेही विचारा. भाषांतर सेवेचं आयएसओ १७१०० नावाचं मानक आहे, २०१५चं, त्यात दुसऱ्या माणसाने मूळ मजकुराशी ताडून बघणं सक्तीचं धरलंय, आणि नुसतं मराठी वाचून अभिप्राय देणं हे वेगळं आणि ऐच्छिक काम धरलंय. आपल्याकडे दोन्हीला सरसकट "जरा बघून दे ना" म्हणतात आणि मग वेळेवरून भांडणं होतात.

पहिलं वाचन: इंग्रजी बंद

इंग्रजी फाइल खरोखर बंद करा, मिनिमाइज नाही. मराठी मोठ्याने वाचा. या वाचनात काहीही दुरुस्त करायचं नाही, फक्त जिथे अडखळलात, जिथे वाक्य मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, जिथे "म्हणजे काय?" वाटलं तिथे पिवळी खूण करायची. दुरुस्त करायचा मोह फार होतो, पण अजून तुम्हाला मुळात काय होतं ते माहीत नाही, त्यामुळे तुम्ही केलेली दुरुस्ती हा अंदाज असतो, आणि गुळगुळीत अंदाज पुढे पकडणं फार अवघड जातं.

आपल्या पत्रकातली ही वाक्यं बघा, भाषांतर करणाऱ्याने दिलेली आहेत तशीच:

"स्वच्छ पिण्याच्या एक लिटर पाण्यामध्ये एका पाकिटातील सामग्री विरघळवा."

"द्रावणाचा वापर २४ तासांमध्ये करा आणि उरलेले कोणतेही टाकून द्या."

"२ वर्षांखालील मुलांना प्रत्येक सैल मलानंतर ५० ते १०० मिली दिले गेले पाहिजे."

"जर मूल उलटी करत असेल, १० मिनिटे थांबा आणि नंतर सुरू ठेवा, परंतु अधिक हळूहळू."

"जरी जुलाब थांबले तरीही १४ दिवस झिंक चालू ठेवा."

"जुलाब असलेल्या सर्व मुलांना अँटिबायोटिक्सची गरज नसते."

"तुमच्या मुलाला ताबडतोब आरोग्य सुविधेकडे घेऊन जा जर तो किंवा ती पिण्यास अक्षम असेल किंवा मलामध्ये रक्त पास करत असेल."

मोठ्याने वाचलं की "सैल मल"ला कुणीही अडखळेल, शेवटचं वाक्य वाचताना तर दम लागतो. पण नीट लक्ष द्या, अँटिबायोटिकचं वाक्य तुम्ही न अडखळता वाचून गेलात. झिंकचंही. लक्षात ठेवा, आपण परत येणार आहोत. जे वाक्य टोचतं ते कुणीतरी दुरुस्त करतंच, पण गोड वाटणारं चुकीचं वाक्य छापून येतं.

दुसरं वाचन: आता इंग्रजी उघडा, पण भाषा बघू नका

या फेरीत फक्त अर्थ. वाक्य कितीही कुरूप असलं तरी सोडून द्या, त्याची पाळी पुढे आहे. भाषा आणि अर्थ एकदम बघायला गेलं की भाषा जिंकते, कारण ती डोळ्यात भरते आणि अर्थातली चूक शोधायला थांबावं लागतं.

मी एका वाक्याला चार प्रश्न विचारते: आकडा आणि त्याचं माप तेच आहे का, नकार नेमका कशाला आहे, अट कुठली आणि परिणाम कुठला, आणि करायचंच आहे का केलं तर चालेल.

आकड्यांपासून सुरू करा, कारण ते यांत्रिक आहे आणि थकलेल्या डोक्यानेही होतं. बोट ठेवून इंग्रजीतला प्रत्येक आकडा मराठीत शोधायचा. आपल्या पत्रकात आकडे सगळे बरोबर आहेत, पण आकड्याला चिकटलेले शब्द तपासायचे राहतात. "२४ तासांच्या आत", "२४ तासांनी" आणि "२४ तासांनंतर" या तिन्हींत आकडा एकच आणि सूचना तीन. "दर चार तासांनी" आणि "दिवसातून चार वेळा" हेही एक नाही, पहिल्यात रात्र धरून सहा वेळा होतात. आणि "टीस्पून"चा जर नुसता "चमचा" झाला असेल तर थांबा, औषधाच्या मापात टीस्पून ५ मिलीचा आणि टेबलस्पून १५ मिलीचा, आणि आपल्या घरात पोहे खायचा, चहाचा, वाढायचा असे सगळेच चमचे असतात. तिथे मिली लिहा किंवा "चहाचा छोटा चमचा" असं स्पष्ट करा.

पहिल्याच वाक्यात आता बघा, इंग्रजीत होतं "डिझॉल्व्ह द एंटायर काँटेंट्स ऑफ वन सॅशे". मराठीत "एका पाकिटातील सामग्री". "एंटायर" गळलं. एवढासा शब्द, पण तोच त्या वाक्याचा जीव आहे, कारण घरी अर्धं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये टाकून बाकीचं जपून ठेवायची सवय असते आणि डोळ्याने अर्धी पावडर मोजता येत नाही. शिवाय इथे मला एक प्रश्नही पडला, बाजारात २०० मिलीसाठीची छोटी पाकिटंही मिळतात, मग हे पत्रक कुठल्या पाकिटासोबत जाणार? ही भाषांतराची चूक नाही, मुळातच लिहिलेलं नाही. तपासणाऱ्याने असं स्वतःहून वाक्यात घुसडायचं नसतं, वेगळी शंका म्हणून पाठवायची असते.

आता नकार. इंग्रजीत होतं "नॉट ऑल चिल्ड्रन विथ डायरिया नीड अँटिबायोटिक्स". म्हणजे काहींना लागतात, सगळ्यांना नाही. मराठीत "सर्व मुलांना अँटिबायोटिक्सची गरज नसते" असं झालं, ज्यातून कुणालाच गरज नसते असाही अर्थ निघतो, आणि घाईत वाचणारा तोच घेतो. मग ज्या पोराला रक्ती जुलाब आहेत आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलंय त्याचा बाप पत्रक दाखवून म्हणणार की हे तर नको म्हणतात. दुरुस्ती एका अक्षराची आहे: "सगळ्याच मुलांना अँटिबायोटिक लागत नाही." तो "च" आला की काहींना लागतं हे आपोआप कळतं. इंग्रजीतला "नॉट ऑल", "नॉट ऑल्वेज", "नॉट ओन्ली" दिसला की मराठीत "च" आहे का, आणि योग्य शब्दाला लागलाय का ते बघायचंच, "फक्त" आणि "च" चुकीच्या शब्दाला लागले की अर्थ कुठल्या कुठे जातो. "ओआरएस फक्त जेवणानंतर द्या" आणि "जेवणानंतर फक्त ओआरएस द्या" एकदा शेजारी ठेवून बघा.

झिंकचं वाक्य जरा वेगळ्या प्रकारचं आहे. "कंटिन्यू झिंक फॉर फोर्टीन डेज इव्हन इफ द डायरिया स्टॉप्स", आणि मराठी जवळजवळ तंतोतंत. पण मराठी वाचून विचारा, १४ दिवस कधीपासून? जुलाब थांबले तरीही १४ दिवस चालू ठेवा, म्हणजे थांबल्यापासून आणखी १४ का? ही संदिग्धता इंग्रजीतही होती, भाषांतर करणाऱ्याने इमानदारीने तशीच आणली. आपल्याकडच्या कार्यक्रमात झिंक एकूण १४ दिवसच देतात, सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, त्यामुळे "झिंकची गोळी रोज, एकूण १४ दिवस द्या, मधेच जुलाब थांबले तरी बंद करू नका" असं सुचवायचं, पण ज्याचं पत्रक आहे त्याला विचारून, गुपचूप नाही.

आणि शेवटचा प्रश्न, करायचंच का चालेल. इंग्रजीतला "शुड", "मस्ट" आणि "मे" मराठीत येताना तिघांचंही "पाहिजे" किंवा "शकतो" होऊन बसतं. "मस्ट"ला सरळ आज्ञा द्या, "लगेच न्या". "शुड"ला "द्यावं" किंवा "दिलेलं बरं". "मे" सगळ्यात फसवा आहे, "द चाइल्ड मे व्हॉमिट" याचं "मूल उलटी करू शकतं" केलं तर जणू त्याला ती कला येते असं वाटतं. "मुलाला उलटी होऊ शकते" किंवा नुसतं "कधी कधी उलटी होते" म्हणा.

तिसरं वाचन: इंग्रजीचा सांगाडा कुठे उरलाय

अर्थ बरोबर झाला, आता भाषा. इथे पहिल्या वाचनातल्या पिवळ्या खुणा उपयोगी येतात, कारण अडखळणं जिथे झालं तिथे जवळजवळ नेहमी इंग्रजी वाक्यरचना खाली पडलेली सापडते. सगळ्या प्रकारांची यादी करत नाही, संपणार नाही, पण आरोग्याच्या मजकुरात जे सतत येतात ते सांगते.

सगळ्यात जास्त सापडतं ते शेवटी लटकलेलं "जर". "डॉक्टरांकडे न्या जर ताप आला." इंग्रजीत आधी काय करायचं आणि मग कधी, मराठीत आधी कधी आणि मग काय. "ताप आला तर डॉक्टरांकडे न्या." आणि हे नुसतं सवयीचं प्रकरण नाहीये, वाचून दाखवताना ऐकणारी बाई "ताबडतोब घेऊन जा" एवढं ऐकून घाबरते आणि अट ऐकतच नाही. शिवाय "जर" लिहिला आणि "तर" गायब, असंही फार दिसतं, आपल्या उलटीच्या वाक्यात तेच झालंय. खरं तर "जर" बहुतेक वेळा लागतच नाही, "तर" मात्र लागतो.

दुसरं, जिथे तिथे "तुमचं". इंग्रजीला "युअर हँड्स" म्हटल्याशिवाय चालत नाही, मराठीत "हात धुवा" म्हटलं की शेजारणीचे धुवायचे नाहीत हे सगळ्यांना कळतं. "तुमच्या मुलाला तुमच्या डॉक्टरांकडे" यातले दोन्ही "तुमच्या" काढून बघा, काही बिघडत नाही. तसाच "तो किंवा ती", मराठीत "मूल" आणि "बाळ" नपुंसकलिंगी आहेत, देवाने दिलेली सोय आहे, वापरा की.

तिसरं म्हणजे "मदत करते", "खात्री करा की" आणि "च्या बाबतीत" ही तिकडी. "ओआरएस हे एक द्रावण आहे जे शरीरातील पाण्याची पातळी पुनर्स्थापित करण्यास मदत करते." यात "एक" आहे कारण इंग्रजीत "अ" होता, "जे" आहे कारण "दॅट" होता, "मदत करते" आहे कारण "हेल्प्स" होता. घरात कोण असं बोलतं? "जुलाबाने अंगातलं पाणी कमी होतं, ते ओआरएसने भरून निघतं." झालं. "पावडर पूर्णपणे विरघळली असल्याची खात्री करा" याचं "पावडर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा", आणि "उलटीच्या बाबतीत" याचं "उलटी झाली तर". युक्ती अशी की वाक्यातलं नाम पकडून बघायचं आणि त्याचं क्रियापद होतंय का विचारायचं, इंग्रजीला नामं आवडतात आणि मराठीचं सगळं बळ क्रियापदात असतं.

चौथं कर्मणी. "दिले गेले पाहिजे", "केले जावे", "तज्ज्ञांद्वारे सुचवले जाते". मराठीत "जाणे" लावून केलेलं कर्मणी चुकीचं नाही, पण ते दिसलं की विचारा, करणारा कोण? पत्रक आईशी बोलतंय ना, मग "द्या", "पाजा".

पाचवी गोष्ट इंग्रजीची नाही, हिंदीची आहे. बरंच भाषांतर आधी झालेलं हिंदी समोर ठेवून होतं, कोणी कबूल करत नाही पण शब्द चुगली करतात. "सामग्री", "सुनिश्चित करा", "द्वारा", "उपलब्ध करवणे" दिसलं की समजा. यातले काही नुसते परके वाटतात, काही मात्र घात करतात. हिंदीत "दस्त" म्हणजे जुलाब, मराठीत दस्त रजिस्टर ऑफिसात होतो. "चेष्टा" तिकडे प्रयत्न, इकडे टिंगल. "शिक्षा" तिकडे शिक्षण, इकडे छडी. "आपत्ती" तिकडे हरकत, इकडे पूर.

आता शब्दांची उंची. डायरियाला "अतिसार" म्हणायचं का "जुलाब" का "हगवण"? अतिसार शासकीय कागदात शोभतो, हगवण गावाकडे सर्रास चालतो पण छापील पत्रकात काहींना तो ओशाळवाणा वाटतो, जुलाब सगळीकडे चालतो, म्हणून जुलाब. डिहायड्रेशनचं "निर्जलीकरण" कृपया करू नका, "अंगातलं पाणी कमी होणं" लिहा, आणि त्याची लक्षणं तर आपल्याकडे तयार आहेत, डोळे खोल गेले, टाळू खोल गेली, तोंडाला कोरड पडली, पोर मलूल झालं. "बुडालेले डोळे" असं "संकन आइज"चं भाषांतर मी पाहिलंय, आणि "स्तनपान सुरू ठेवा" हे बरोबर असलं तरी आईशी बोलताना "अंगावरचं दूध पाजत राहा" जास्त जवळचं आहे. हे शब्द शब्दकोशात शोधून सापडत नाहीत, एखाद्या नर्सला फोन करा, दोन मिनिटांत सांगेल.

मग पत्रक कसं झालं

"पाकिटातली सगळी पावडर एक लिटर पिण्याच्या स्वच्छ पाण्यात विरघळवा. तयार केलेलं ओआरएसचं पाणी २४ तासांच्या आत वापरा, उरलं तर टाकून द्या. मूल २ वर्षांपेक्षा लहान असेल तर दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली पाजा. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा, मग पुन्हा पाजायला लागा, पण आधीपेक्षा सावकाश. झिंकची गोळी रोज, एकूण १४ दिवस द्या, मधेच जुलाब थांबले तरी बंद करू नका. जुलाब झालेल्या सगळ्याच मुलांना अँटिबायोटिक लागत नाही. मुलाला काही पिता येत नसेल किंवा शीतून रक्त पडत असेल तर लगेच दवाखान्यात न्या."

इथे "हेल्थ फॅसिलिटी"चा "दवाखाना" केलाय, "सरकारी दवाखाना" नाही आणि "आरोग्य केंद्र"ही नाही, कारण मुळात सरकारी का खाजगी काहीच म्हटलेलं नाही. नैसर्गिक करण्याच्या नादात अर्थ अरुंद होतो तो असा. म्हणूनच तिसरं वाचन झालं की बदललेली वाक्यं, फक्त बदललेली, पुन्हा एकदा इंग्रजीशी ताडून बघायची. हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि तपासणाऱ्याने घातलेल्या नव्या चुका अशाच छापखान्यात जातात.

शेरे कसे लिहायचे

ट्रॅक चेंजेस लावून फाइल लाल करून पाठवणं म्हणजे तपासणी नाही. प्रत्येक बदल तीनपैकी कुठल्या खणातला ते लिहा: अर्थ चुकलाय, मराठी अवघडलेलं आहे, किंवा मला दुसरं जास्त आवडतं. तिसऱ्या खणातले बदल शक्यतो करूच नका. "ताबडतोब"चं "लगेच" मी वर केलंय ते वाक्य तसंही मोडलं होतं म्हणून, नाहीतर "ताबडतोब"मध्ये काही वाईट नाही, भाषांतर करणाऱ्याचा शब्द आहे, राहू दे. बदलाचं कारण एका ओळीत देता येत नसेल तर तो बदल आवडीचा होता असं धरून मागे घ्या.

मोठ्या कामांत एमक्यूएम नावाची चौकट वापरतात, त्यात चुकीचा प्रकार आणि तिची तीव्रता वेगवेगळी नोंदवतात, किरकोळ, मोठी, गंभीर अशी. छोट्या पत्रकाला एवढा थाट नको, पण कल्पना घेण्यासारखी आहे, कारण "सैल मल" दिसायला भयानक असलं तरी त्याने कुणाचं नुकसान होत नाही, आणि "सर्व मुलांना" दिसायला निर्दोष असून ते गंभीर आहे. शेऱ्यांमध्ये गंभीर वर ठेवा, नाहीतर चाळीस अनुस्वारांखाली ते दबून जातं आणि घाईत असलेला माणूस पहिले दहा बघून फाइल मंजूर करतो.

उलट भाषांतरावर किती विसंबायचं

आरोग्य क्षेत्रात बऱ्याचदा मराठीचं पुन्हा इंग्रजी करून मूळ इंग्रजीशी जुळतं का बघतात. मोठी गाळलेली माहिती किंवा उलटा झालेला आकडा त्यात सापडतो, पण त्यातली गोम अशी की जितकं भाषांतर शब्दाला शब्द, तितकं ते परत इंग्रजीत छान जुळतं. "सैल मल"चं परत "लूज स्टूल" होणार, पैकीच्या पैकी मार्क. आणि "अंगावरचं दूध पाजत राहा" बिचारं नापास होऊ शकतं. त्यामुळे कुणी उलट भाषांतर दाखवून तुमची दुरुस्ती मागे घ्या म्हटलं तर नम्रपणे हे समजावून सांगा.

त्यापेक्षा भरवशाची चाचणी म्हणजे ज्यांच्यासाठी पत्रक आहे अशा चार-पाच जणींना वाचायला किंवा ऐकायला द्यायचं आणि विचारायचं. "समजलं का" असं विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. "आता मला सांगा, हे पाकीट तुम्ही कसं भिजवाल?", "उरलेल्या पाण्याचं काय कराल?", "झिंक कधी बंद कराल?" असं विचारायचं आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. बऱ्याच वेळा त्यांनी सांगितलेलं वाक्य तुमच्या दुरुस्तीपेक्षा चांगलं निघतं, सरळ उचला.

छपाईच्या आधी पीडीएफ बघा

हे तुमचं काम नाही असं डिझायनर म्हणेल, तरी मागून घ्या. वर्डमध्ये बरोबर असलेलं मराठी पानावर चढताना मोडतं, विशेषतः जुन्या फाँटात नेलं असेल तर. "ऱ्या" असलेले शब्द शोधा, "दुसऱ्या", "वाऱ्या", तिथे र तुटून वेगळा पडतो, रफार एक अक्षर पुढे सरकतो, "ॲ" आणि "अँ" एकमेकांच्या जागी जातात, "मुलांना"वरचा अनुस्वार उडतो. आकडे देवनागरी का इंग्रजी ते सगळीकडे एकसारखे आहेत का बघा, आणि "५० ते १००" हे ओळीच्या शेवटी तुटून "५०" वरच्या ओळीत आणि "ते १०० मिली" खालच्या ओळीत गेलंय का तेही, कारण वरच्या ओळीवरून नजर फिरवणाऱ्याला नुसतं पन्नासच दिसतं. चित्रांमधला मजकूर वेगळा वाचा, तो भाषांतराच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा आलेलाच नसतो आणि लिटरच्या बाटलीच्या चित्राखाली अजून इंग्रजीच पडलेलं असतं.